बॅटरी नवी, अंधार जुना

मी आजवर लिहिलेल्या पत्रकांमधलं सगळ्यात चांगलं पत्रक सपशेल चुकीचं होतं. भाषा कडक, मथळा ठसठशीत, आणि शेवटचा परिच्छेद असा की वाचणाऱ्याच्या बोटांना चटका बसावा. त्यात म्हटलेलं खरं नव्हतं, एवढीच काय ती उणीव.

गोष्ट माझ्या मामाच्या व्हॅनची आहे. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. म्हैसूरच्या कडेला असलेल्या हिनकलच्या चौदा मुलांना सकाळी शाळेत सोडायचं आणि दुपारी परत आणायचं, हा त्याचा धंदा. व्हॅन जुनी, डिझेलची, पुढे बोनट असलेली. मामा तिला गाडी म्हणत नाही, "ही" म्हणतो. "ही आज जरा कुरकुरतेय." नवीन माणसाला वाटावं मामीबद्दल बोलतोय. मामीलाही अधूनमधून तसंच वाटतं.

सुट्टीच्या दिवशी हीच व्हॅन आमच्या आंदोलनाची गाडी व्हायची. शाळेसमोरच्या रस्त्यावर गतिरोधक आणि पांढरे पट्टे हवेत, ही आमची मागणी. टपावर दोन भोंगे, आत अॅम्प्लिफायर, माईकवर मी. आधी कन्नड, मग मराठी, मग पुन्हा कन्नड, कारण आमच्या गल्लीत दोन्ही भाषांत सांगितल्याशिवाय कुणाला पटत नाही. माझा आवाज चांगला आहे असं मला कुणी सांगितलं नव्हतं, पण वाईट आहे असंही सांगितलं नव्हतं, आणि तेवढं मला पुरे होतं.

त्या वर्षी दसऱ्याच्या सुट्टीआधी व्हॅनची बॅटरी गेली. लष्कर मोहल्ल्यात आमच्या ओळखीचा एक इलेक्ट्रिशियन आहे. साठीचा, जुन्या फौजी मराठी घराण्यातला, पण त्याच्या घरातली फौज आजोबांच्या वेळीच संपली आणि हातात स्क्रू ड्रायव्हर आला. सगळे त्याला अण्णा म्हणतात. अण्णांनी नवी बॅटरी बसवली, टर्मिनल आवळली, इंजिन चालू करून हॉर्न वाजवून दाखवला आणि मामाला म्हणाले, "आयतु, जा." म्हणजे झालं काम, निघा. हॉर्न इतका खणखणीत होता की समोरच्या दुकानातल्या माणसाने शिवी दिली.

मग आयुधपूजा आली. म्हैसूरमध्ये त्या दिवशी रिक्षापासून रोडरोलरपर्यंत सगळ्यांना झेंडूच्या माळा पडतात. आमच्या घरात त्याच्याही वरची एक रीत आहे. आम्ही मूळचे रंगारी. खापरपणजोबांच्या काळात कापड रंगवायचे, छापायचे. आता घरात एकही माणूस कापड रंगवत नाही. कुणी विम्यात आहे, कुणी टायरच्या दुकानात, मी पत्रकांत. पण हाताला लागलेला रंग गेलेला नाही. आयुधपूजेच्या आदल्या दिवशी घरातली प्रत्येक वस्तू रंगवायची, कारण जुन्या रंगात पूजा घेतलेली आमच्या कुळाला चालत नाही. शिवणयंत्र, फाटक, कोयता, पाण्याची मोटर, सगळं. एका वर्षी आजीची काठी रंगवली आणि ती वाळायच्या आत आजी देवळात गेली. पुजाऱ्याचा हात आठवडाभर हिरवा होता.

देवाचं मला फारसं काही नाही, रंगाचं मात्र आहे. म्हणून त्या वर्षी व्हॅन रंगवायचं काम मी अंगावर घेतलं. बाहेरून पिवळी होतीच. मी बोनट उघडलं. आतला पत्रा गंजलेला, काळपट. एवढी मुलं रोज या गाडीतून जातात आणि हिच्या पोटात ही अवस्था, असा मला संताप आला. संताप आला की मी काम फार जोरात करते. पत्र्यावरचे बोल्ट सोडवले, पत्रा पुसला, दोन हात पिवळा रंग दिला, आणि बोल्ट रंगावरूनच परत आवळले. इंजिनपासून चासीपर्यंत एक विणलेली, चपटी, तांब्याची पट्टी होती, हिरवट झालेली. तिचं काम काय ते मला ठाऊक नव्हतं. शोभेची नाही एवढं कळत होतं, तरी मी तिलाही रंग दिला. इतकी हिरवी वस्तू पिवळ्यात बरी दिसेना.

त्याच दिवशी अॅम्प्लिफायरची वायर मी थेट बॅटरीवरून घेतली. पूर्वी ती दुसरीकडून घेतलेली होती आणि मी जोरात बोलले की आवाज खरखरायचा. माझ्या मते हा सरळसरळ माझ्या अभिव्यक्तीवर आघात होता. मी दोन्ही टर्मिनलचे क्लॅम्प सैल केले, वायरची उघडी टोकं त्यांच्या आत सरकवली आणि पान्याने आवळलं. पान्याने म्हणजे खरं तर पकडीने. बोल्टाच्या मापाचा पाना सापडेना, म्हणून मामाची पक्कड घेतली. आवळलं असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी पूजा झाली. मामीने बोनट उघडून हळदीकुंकवाचं पाणी आत शिंपडलं, मामाने बंपरपाशी नारळ फोडला, त्याचं निम्मं पाणी आत गेलं. सगळे खूष होते. आतला पत्रा पिवळाधमक.

दोन दिवसांनी संध्याकाळी आम्ही भोंगे लावून फिरत होतो. सिग्नलला व्हॅन थांबली की हेडलाइट फडफडायचे. पिवळे पडायचे, उजळायचे, पुन्हा पडायचे. मामाने हॉर्न दाबला तर घसा बसलेल्या म्हाताऱ्यासारखा आवाज आला. गाडी चालायला लागली, इंजिनचा वेग वाढला की लाइट स्वच्छ, हॉर्न ठीक. थांबलो की पुन्हा तेच. सकाळी स्टार्टरही जड फिरायला लागला होता, आणि मामा म्हणाला की एकदा स्टार्ट केल्यावर अॅक्सिलरेटरची केबल कोमट लागली. हे मी ऐकलं आणि सोडून दिलं. केबल कोमट असण्यात अन्याय कुठे आहे ते मला दिसेना.

मंगळवारी व्हॅनची एफसी होती. दरवर्षी आरटीओमध्ये गाडी धडधाकट आहे का ते तपासून घ्यावं लागतं, त्याला आमच्याकडे सगळे एफसीच म्हणतात. ती नसेल तर शाळा व्हॅनला फाटकातसुद्धा येऊ देत नाही. सुट्टी संपून सोमवारी शाळा उघडणार होती. निरीक्षक तरुण होता, शांत होता. त्याने ब्रेक बघितला, टायर बघितले, मग म्हणाला, इंजिन चालू ठेवा, अॅक्सिलरेटरवर पाय ठेवू नका, हेडलाइट लावा, हॉर्न द्या. हेडलाइट लुकलुकले. हॉर्नने जो आवाज काढला त्याला हॉर्न म्हणणं हा हॉर्नचा अपमान. निरीक्षकाने कागदावर दोन ओळी लिहिल्या आणि शुक्रवारी दाखवायला सांगितलं.

मामाने कागदाची घडी करून खिशात घातली. घरी येताना त्याने एकच सांगितलं, की दोन पालकांनी आधीच विचारलंय, सोमवारी व्हॅन येणार ना, नाहीतर आम्ही दुसरी बघतो. चौदांतली दोन गेली की तिसरं जातं, तिसरं गेलं की व्हॅन दारात उभी राहते. हे त्याने शांतपणे सांगितलं. मामा शांत झाला की मला राहवत नाही.

मी विचार केला. म्हणजे तेव्हा मला तसं वाटलं. बॅटरी महिनाभरापूर्वीची नवी. तरी लाइट मंद, हॉर्न मंद, स्टार्टर जड. अर्थ उघड होता. अण्णांनी जुनी बॅटरी घासूनपुसून नवी म्हणून विकली. शाळेच्या मुलांच्या जिवाशी खेळ. माझ्या भुवया आवळल्या गेल्या, आणि तसं झालं की पहिली ओळ आपोआप येते.

बुधवारी सकाळी पुरावा म्हणून बॅटरी तपासून घ्यायला मी हिनकलच्याच एका बॅटरीच्या दुकानात गेले. त्याने भार देऊन तपासायचं यंत्र लावलं, काटा बघितला आणि म्हणाला, बॅटरी चांगली आहे, थोडी कमी चार्ज आहे एवढंच, वायरी आणि अर्थ, म्हणजे अर्थिंग, बघून घ्या. मी त्याच्याकडे नीट बघितलं. हाही त्याच धंद्यातला. एकमेकांना सांभाळून घेतात हे लोक. माझ्या वहीत मी लिहिलं: संगनमत.

त्या संध्याकाळी पत्रक छापून झालं. वर मोठ्या अक्षरांत मथळा, "बॅटरी नवी, अंधार जुना". खाली तीन परिच्छेद, मराठीत आणि मागे कन्नडमध्ये. दुकानाचं नाव घातलं नाही, कारण मी तत्त्वाने कुणाचं नाव घेत नाही. "लष्कर मोहल्ल्यात चिंचेच्या झाडासमोर बसणारे एक ज्येष्ठ विद्युत कारागीर" एवढंच लिहिलं. लष्कर मोहल्ल्यात चिंचेचं झाड एकच आहे.

गुरुवारी सकाळी रिक्षा स्टँडवर, चहाच्या गाड्यांवर, शाळेच्या फाटकासमोरच्या घरांत मी पत्रकं वाटली. लोकांनी वाचली. एका रिक्षावाल्याने मथळा मोठ्याने वाचून मान डोलावली. मला सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मामाची व्हॅन माझ्या डोक्यातून गेली होती. मथळा जमला होता.

दहा वाजता मामाने आठवण करून दिली, की उद्या शुक्रवार. पत्रकाने हॉर्न वाजत नाही. दुसरा इलेक्ट्रिशियन बघू म्हणून आम्ही लष्कर मोहल्ल्यात गेलो. पहिल्याने बोनटला हात लावायच्या आधी मला बघितलं, मग माझ्या पिशवीतून डोकावणारा गठ्ठा बघितला, आणि म्हणाला आज काम जास्त आहे. तो स्टुलावर बसून शेंगा सोलत होता. दुसऱ्याने सांगितलं की त्याचा मीटर बिघडलाय. तिसरा निदान खरं बोलला. तो म्हणाला, अक्का, या बोनटला हात लावला आणि उद्या लाइट गेला, तर परवा आमचाही कागद निघेल. आमच्याकडे पोरंबाळं आहेत.

मी म्हणाले, ही भीती का वाटते तुम्हाला, काम प्रामाणिक असेल तर? त्याने समोर शेंगा सोलत बसलेल्या त्या पहिल्याकडे बोट केलं. म्हणाला, त्याला विचारा.

मामा व्हॅनच्या दारापाशी उभा होता. त्याने मला फक्त एवढंच विचारलं, "आता?"

आता एकच राहिले होते. चिंचेच्या झाडाखाली.

अण्णा एका स्कूटरचा दिवा काढून बसले होते. माझं पत्रक त्यांच्या मांडीवर पालथं पसरलेलं होतं आणि त्यावर त्यांनी सुट्टे नट मांडले होते. मोजून ठेवल्यासारखे, रांगेत. कन्नड बाजूवर. त्यांनी वर बघितलं, मला ओळखलं, आणि मामाला म्हणाले, बस रे, चहा घे. मला बसा म्हटलं नाही.

मामाने सगळं सांगितलं. उद्या एफसी, सोमवारी शाळा, दोन पालक, मुलं. मी बाजूला उभी राहून नटांकडे बघत होते. अण्णा उठले, बोनट उघडलं आणि आत वाकून बघितलं. मग म्हणाले, "कुणी रंगवलंय हे?"

मी म्हणाले, मी.

"हं," ते म्हणाले. "रंगारी."

त्यात कौतुक होतं की आणखी काही, ते मला कळलं नाही. त्यांनी मीटर काढला, काळी आणि लाल अशी दोन टोकं असलेला, आणि माझ्या हातात दिला. म्हणाले, लीडरबाई, आकडा तू वाचायचा. मी लावतो तिथे. मामाला त्यांनी इंजिन चालू करून नुसतं सोडून द्यायला सांगितलं, पाय न लावता. हेडलाइट लावले. लाइट फडफडायला लागले.

पहिल्यांदा त्यांनी मीटरची टोकं बॅटरीच्या दोन्ही खांबांवर, शिशाच्या त्या उभ्या खुंट्यांवरच, टेकवली. मी आकडा वाचला, बारा आणि वर काहीतरी. "बॅटरी जिवंत आहे," ते म्हणाले. मग काळं टोक खुंटीवरून उचलून तिच्याभोवतीच्या क्लॅम्पवर टेकवलं, एक बोटभर अंतर. आकडा खाली पडला आणि नाचायला लागला. बाजूला इंजिन थरथरत होतं, आणि त्या थरथरीबरोबर क्लॅम्प खुंटीवर हलत होता. अण्णांनी दोन बोटांनी क्लॅम्प धरून फिरवला. फिरला. बांगडीसारखा फिरला.

"पक्कड?" त्यांनी विचारलं.

मी मान डोलावली.

त्यांनी क्लॅम्प बाजूला दाबून धरला आणि आतून माझ्या अॅम्प्लिफायरची वायर बाहेर ओढली. तांब्याच्या तारांचा एक चुरगळलेला झुपका. तो आत असल्यामुळे क्लॅम्प खुंटीवर पूर्ण बसतच नव्हता, एका कडेने टेकत होता. गाडी उभी असताना इंजिन मंद फिरतं, अल्टरनेटर कमी वीज देतो, म्हणून लाइट बॅटरीकडून मागतात, आणि ती मागणी या ढिल्या सांध्यातून जाते. वेग वाढला की अल्टरनेटर जास्त देतो आणि लाइटांचं भागून जातं. शिवाय याच सांध्यातून बॅटरीत वीज भरायची, तीही धड भरत नाही, म्हणून नवी बॅटरीही भुकेली राहते. हे अण्णांनी तीन वाक्यांत सांगितलं. मला माझं बरोबर म्हणणं सांगायला तीन परिच्छेद लागले होते, आणि ते बरोबर नव्हतं.

मग अर्थची पाळी. मीटरचं एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीवर, दुसरं बोनटच्या आतल्या पत्र्यावर. त्यासाठी त्यांना आधी एका कोपऱ्यात माझा रंग खरवडावा लागला, कारण रंगावर टोक टेकवून मीटर काही दाखवेना. "गाडीतली वीज जाते वायरीतून, परत येते पत्र्यातून," ते म्हणाले. "हॉर्न दे." मामाने हॉर्न दिला. म्हातारा खाकरला. मी आकडा बघितला. या दोन जागांमध्ये जवळजवळ शून्य यायला हवं होतं. दोनच्या आसपास होता.

"बारातले दोन इथेच खाल्ले," अण्णा म्हणाले. "कोणी खाल्ले?"

मी बोल्टकडे बघितलं. बॅटरीतून पत्र्याकडे येणाऱ्या काळ्या वायरचा बोल्ट. त्याच्याखाली पिवळा, दोन हात दिलेला, चकचकीत रंग.

इंजिन बंद करून पुन्हा स्टार्टर फिरवला तेव्हा त्यांनी मीटर इंजिनाच्या धातूवर आणि ऋण खुंटीवर लावला. तिथेही तेच, जवळजवळ दोन. ती विणलेली पट्टी, जी मी पिवळ्यात जास्त बरी दिसेल म्हणून रंगवली होती, ती इंजिनातून परत येणाऱ्या विजेची वाट होती. तिची एक बाजू आधीच हिरव्या बुरशीसारख्या गंजाने खाल्लेली, निम्म्या तारा तुटलेल्या, दोन्ही टोकांखाली माझा रंग, वर नारळाचं पाणी. स्टार्टरला लागणाऱ्या विजेतली काही मग मिळेल त्या वाटेने परत जायची. अॅक्सिलरेटरच्या केबलमधूनसुद्धा. म्हणून ती कोमट.

मामा माझ्याकडे बघत होता. मी बरंच काही बोलू शकले असते. बोलायची सवयच आहे मला. मी मीटरला वायरी गुंडाळल्या आणि तो अण्णांना परत दिला.

अण्णा खाली बसले. त्यांनी नट उचलून मांडीवरचं पत्रक उलटवलं, मराठी बाजू वर केली आणि माझ्यापुढे धरलं.

"यात लिहिलंस, बॅटरी जुनी. कुठला आकडा बघून लिहिलंस?"

मी म्हणाले, आकडा नव्हता बघितला.

"मग काय बघितलं?"

"लाइट बघितला."

"लाइट मलाही दिसतो, मरी, पोरी. माझ्या बायकोलाही दिसतो. ती म्हणते नवीन बल्ब घाला." त्यांनी पत्रकाची घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. "सुम्ने, उगीचच, कागद काढायचा आणि मग बघायचं, हे कुठलं काम? मी बॅटरी बसवतो तेव्हा आधी मीटर लावतो. तुझ्या धंद्यात मीटर नाही?"

आमच्या धंद्यात मीटर आहे. पत्रक काढण्याआधी समोरच्याला विचारायचं असतं. मी नव्या पोरांना हे शिकवते. अगदी पहिल्या दिवशी, गंभीर चेहऱ्याने, बोट वर करून शिकवते.

त्यानंतर त्यांनी मला कामाला लावलं, आणि हा न्याय मी मान्य केला कारण अमान्य करायला तोंड नव्हतं. आधी ऋण बाजूचा क्लॅम्प काढायचा, मग धन. गरम पाण्यात खायचा सोडा घालून खुंट्यांवरची पांढरी भुकटी धुवायची, ती फसफसून निघून जाते. मग कोरडं पुसायचं. क्लॅम्पची आतली बाजू आणि खुंटी पॉलिश पेपरने घासून चमकवायची. आणि मग पत्रा. जिथे जिथे अर्थचा बोल्ट बसतो, तिथे तिथे माझा रंग खरवडून पांढरा धातू काढायचा, रुपयाएवढा गोल. चार ठिकाणी चार रुपये. कुळाच्या इतिहासात रंग काढणारी मी पहिली.

अण्णांनी नवी विणलेली पट्टी लावली, बोल्टखाली दातेरी वॉशर घातले म्हणजे धातूला चावून बसतात, आणि दहा नंबरचा पाना माझ्या हातात दिला. म्हणाले, हा दहाचा. याला पाना म्हणतात. पक्कड खिळे काढायला. मी आवळलं. त्यांनी क्लॅम्प फिरवून बघितला. फिरला नाही. आधी धन जोडली, शेवटी ऋण, आणि वरून व्हॅसलिन चोपडलं. अॅम्प्लिफायरसाठी त्यांनी वेगळी वायर काढून दिली, टोकाला कडीसारखा गोल लग आणि मध्ये फ्यूज. मी नको म्हणत होते. ते म्हणाले, "बोलशील तर बोलशीलच. निदान बॅटरीला त्रास नको."

मामाने इंजिन चालू करून पाय काढला. हेडलाइट लावले. चिंचेच्या बुंध्यावर दोन गोल पडले आणि जागचे हलले नाहीत. हॉर्न दिला तेव्हा शेंगा सोलणाऱ्याने मान वळवून बघितलं.

मी अण्णांना म्हणाले की मी खुलासा छापते. उद्याच. मोठ्या अक्षरांत. मला मनातल्या मनात मथळाही सुचायला लागला होता, हे इथे कबूल करते.

"नको," ते म्हणाले. "कागद नको. जिथे जिथे वाटलंस तिथे जा आणि तोंडाने सांग. भोंगा न लावता."

ती दुपार मी कुणाला वर्णन करून सांगणार नाही, फक्त थोडी सांगते. भोंग्यातून हजार माणसांशी बोलणं सोपं असतं, कारण ती उलट बोलत नाहीत. रिक्षा स्टँडवर सात जण होते आणि सातही उलट बोलले. सकाळी मान डोलावणाऱ्याने विचारलं, मग अंधार जुना म्हणजे नेमका कुणाचा? मी म्हणाले, माझा. तो म्हणाला, हे आधी लिहायला हवं होतं. चहावालीने खुलासा ऐकून घेतला आणि पत्रक परत मागितलं तर म्हणाली, आता कुठे, त्यात भजी बांधली. तीन दुकानांमध्ये मी इलेक्ट्रिशियनांना सांगितलं की अण्णांचं काम बरोबर होतं आणि माझं चुकलं. शेंगावाल्याने विचारलं, नक्की काय चुकलं ते सांग की. मला पट्टी, रंग, क्लॅम्प, पक्कड, सगळं उभ्याने सांगावं लागलं. त्याला सगळं आधीच माहीत होतं. त्याला फक्त माझ्या तोंडून ऐकायचं होतं, आणि पक्कड हा शब्द आला की तो शेजारच्याकडे बघायचा.

शुक्रवारी आरटीओत तोच निरीक्षक होता. त्याने तेच सांगितलं, इंजिन चालू, पाय काढा, लाइट लावा, हॉर्न द्या. मी बाजूला फाइल छातीशी धरून उभी होते. सवयीने धरलेली, आत काहीच नव्हतं. लाइट स्थिर. हॉर्न वाजला आणि आवारातल्या दोन माणसांनी रस्ता सोडला. त्याने बोनट उघडायला सांगितलं. आत वाकून बघितलं, पिवळ्या पत्र्यावरचे चार पांढरे गोल बघितले आणि विचारलं, हे काय?

मामा म्हणाला, "अर्थ, सर. भाचीने रंगवलं होतं."

निरीक्षकाने माझ्याकडे बघितलं, फाइलकडे बघितलं. काही म्हणायचंय का, असं त्याने कन्नडमध्ये विचारलं. कुठल्याही कार्यालयात हा प्रश्न मला कुणी आपणहून विचारलेला नव्हता. मी म्हणाले, नाही. त्याने सही केली.

मामाने तिथेच आवारात भिंतीला टेकून पालकांना फोन लावायला सुरुवात केली. एकेक. सोमवारी व्हॅन येणार, नेहमीच्या वेळेला. बहुतेकांनी बरं म्हटलं. ज्या दोघांनी आधी विचारलं होतं त्यांनी गुरुवारीच दुसरी व्हॅन ठरवून टाकली होती. त्यांतल्या एकाने सांगितलं की वाचलं ते पत्रक, बॅटरीचं, फार छान लिहिलंय, पण मग मनात शंका राहते ना. मामा म्हणाला, बरोबर आहे. फोन ठेवला.

मी म्हणाले, मी त्यांच्या घरी जाते. आत्ता जाते. तोंडाने सांगते.

मामाने एफसीचा कागद पुढच्या काचेमागे लावला आणि हाताच्या पालथ्या बाजूने सपाट केला. मग गाडी चालू केली, पाय काढून जरा वेळ नुसती चालू दिली आणि इंजिनच्या आवाजाकडे कान लावून बसला.

"बारा मुलं आहेत अजून," तो म्हणाला. "बस. वाटेत ती दोन्ही घरं लागतात. मी खाली थांबतो, तू वर जा."

मी बसले. पहिल्या घराखाली त्याने व्हॅन उभी केली, इंजिन बंद केलं नाही, आणि मी जिन्याकडे निघाले.